स्टार तीन आणि युनिट जास्त, मग लेबल खोटं बोलतंय काय?

*काका, आमचा सिंगल डोअर फ्रिज पंधरा वर्षांचा झालाय, आता बदलायचाय. घरात चौघं आणि सासूबाई धरून पाच माणसं. खडे बाजारात दोन डबल डोअर बघून आलो, दोन्ही फ्रॉस्ट फ्री. एक 322 लिटर, 3 स्टार, 34,500 रुपये, त्याच्या लेबलवर वर्षाला 252 युनिट लिहिलंय. दुसरा 236 लिटर, 2 स्टार, 24,000 ला, त्यावर 236 युनिट. आता मला सांगा, स्टार जास्त तर युनिट कमी पाहिजेत ना, इथं उलटंच हाय. दुकानदार सांगायलाय की स्टारच बघा, तो आकडा नुसता लिहायचा म्हणून लिहितात, आणि 3 स्टारवाला इन्व्हर्टर असल्यामुळं लेबलपेक्षाही कमी खातोय. मालक म्हणतात कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट, बिल झिरोच येतंय, कशाला डोकं लावतेस. आमची हद्द बिलावर 86 युनिट आहे, एरवी 78 च्या आसपास जातात, उन्हाळ्यात मात्र शंभराला टेकतात. आणि सासूबाई म्हणतात जुना फ्रिज पडवीत राहू दे, दुधाला आणि फुलांना होईल. कुठला घेऊ? — अनगोळहून एक वाचक*

दुकानदारानं तुला अर्धं बरोबर सांगितलंय आणि अर्धं एकदम चूक, आणि गंमत म्हणजे जो आकडा बघू नका म्हणाला तोच बघण्यासारखा आहे. लेबल खोटं नाहीय. स्टार आणि युनिट या दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एकाच कागदावर छापलीत म्हणून आपल्याला एकच वाटतात.

बघ, तुमच्या गल्लीत एका घरात दहा माणसं आहेत आणि त्यांचा सिलेंडर पंचवीस दिवस जातो, दुसऱ्या घरात चार माणसं आहेत आणि त्यांचा तीस दिवस. गॅस कोण जास्त जाळतंय? दहावालं घर. पण काटकसरीचं घर कुठलं? तेही दहावालंच, कारण तेवढ्या माणसांच्या मानानं ते कमीच जाळतंय. स्टार म्हणजे ही काटकसर, आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष जळालेला गॅस. स्टार देणारं खातं म्हणजे दिल्लीचं बीईई, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, ते फ्रिजच्या साइझप्रमाणं युनिटचा कोटा ठरवतं, मोठ्याला मोठा कोटा आणि लहानाला लहान, त्यात फ्रीजरचे लिटर जरा जड धरतात कारण तिथं जास्त गार करावं लागतं. आपल्या कोट्यापेक्षा फ्रिज जेवढा कमी खाईल तेवढे स्टार जास्त. म्हणून 322 लिटरवाला 252 युनिट खाऊनही 3 स्टार घेतो आणि 236 लिटरवाला 236 खाऊन 2 वरच राहतो. भागाकार करून बघ, मोठा लिटरमागं पाऊण युनिटाच्या जरा वर खातोय, लहान बरोबर एक युनिट. आता मोठा हुशार आहे हे खरं, पण तुझा मीटर हुशारी मोजत नाही, तो 252 आणि 236 मोजतो.

आणि प्रकाराचंही तसंच. सिंगल डोअर, ज्यात बर्फ साचतो आणि बटण दाबून वितळवावा लागतो, त्याला डायरेक्ट कूल म्हणतात, त्याचा तक्ता वेगळा. फ्रॉस्ट फ्रीचा वेगळा, कारण त्यात आत पंखा असतो आणि बर्फ वितळवायला हीटर असतो, ते दोन्ही करंट खातात. म्हणून सिंगल डोअरचे 3 स्टार आणि डबल डोअरचे 3 स्टार शेजारी ठेवून दोन्ही सारखेच असं कोणी म्हटलं तर त्याला लेबलवरचे युनिट वाचून दाखव, चांगलाच फरक दिसेल. स्टार फक्त एकाच प्रकारच्या, साधारण एकाच साइझच्या दोन फ्रिजमध्ये निवडायला कामाला येतात. तुझे दोन्ही फ्रॉस्ट फ्री आहेत तेवढं बरं आहे, पण साइझमध्ये 86 लिटरचा फरक आहे, त्यामुळं तुझ्या या जोडीत स्टार बघून काही ठरत नाही.

मग लेबल वाचायचं कसं. दुकानात गेलीस की वरची स्टारची कमान सोड, त्याच्याखाली मोठ्या अक्षरात जो आकडा असतो, युनिट्स पर इयर, तो आधी लिहून घे. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू तासभर चालली तर जेवढी वीज लागते तेवढी, आणि बिलावरचं युनिट पण तेच, त्यामुळं हा आकडा बाराने भागलास की महिन्याचं कळतं, 236 चे जवळजवळ वीस, 252 चे एकवीस. फ्रिजच्या मागं दुसरी एक पट्टी असते, तिच्यावर वॅट आणि अँपिअर लिहिलेलं असतं, काही लोक ते बघून हिशोब करतात, ते करू नको. कॉम्प्रेसर कायम चालत नाही, चालू-बंद होतो नाहीतर हळू-जोरात फिरतो, त्यामुळं त्या वॅटवरून वर्षाचं काही कळत नाही.

मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरं असतात, तिथं लोक बघतच नाहीत. त्यात ब्रँड, मॉडेल नंबर, फ्रॉस्ट फ्री की डायरेक्ट कूल, मग दोन लिटर लिहिलेले असतात, एक ग्रॉस आणि एक स्टोरेज. दारावर मोठ्या स्टिकरवर जे 322 आणि 236 लिहिलंय ते ग्रॉस, म्हणजे सगळं धरून. स्टोरेज म्हणजे खरंच सामान मावणारी जागा, तो आकडा कमीच असतो. दोन फ्रिजची तुलना करताना स्टोरेज स्टोरेजशी लाव, एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा स्टोरेज असं करू नको, सेल्समन कधीकधी गडबडीत तसं करतो, मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही.

आणि तिथंच लेबल पिरियड लिहिलेला असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. हे महत्त्वाचं आहे कारण बीईई दर काही वर्षांनी कोटा आवळतं. 2023 च्या 1 जानेवारीला असाच आवळला होता, तेव्हा कालपर्यंतचे बरेच मॉडेल तेच असून एका रात्रीत एक स्टार खाली आले. त्या वर्षी माझ्या मेहुण्यानं एका दुकानातून सेलमध्ये फ्रिज घेतला, 3 स्टार म्हणून खूश, घरी आल्यावर मी चष्मा लावून लेबल वाचलं तर पिरियड डिसेंबर 2022 ला संपलेला, मागच्या वर्षीचा माल. फ्रिज वाईट नव्हता, पण त्यानं 3 स्टारचे पैसे दिले आणि नव्या तक्त्यात त्याला 2 मिळाले असते. मेहुणा अजून म्हणतो, तू चष्मा लावायला नको होता. म्हणून तू दोन्ही लेबलांवर पिरियड एकच आहे का बघ, एक जुना आणि एक नवा असेल तर स्टारची तुलना सोडूनच दे.

आता इन्व्हर्टरचं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर खरंच कमी खातो, कारण तो धाडकन चालू आणि धाडकन बंद होण्याऐवजी गरजेप्रमाणं हळू फिरत राहतो. पण हे जे वाचतं ते लॅबमध्ये युनिट मोजताना आधीच मोजलेलं असतं, 252 हा आकडा इन्व्हर्टर लावूनच आलाय. लेबलपेक्षाही कमी खातो म्हणणं म्हणजे एकच रुपया दोनदा मोजणं. दारावर दुसरं स्टिकर असतं, एवढे टक्के बचत वगैरे, ते कंपनीच्याच कुठल्यातरी जुन्या मॉडेलशी लावलेलं असतं, तुझ्या समोरच्या दुसऱ्या फ्रिजशी नाही. खरं उलट आहे, घरी फ्रिज लेबलपेक्षा जास्तच खातो. लॅबमध्ये खोलीचं तापमान ठरवलेलं असतं, दार बंद असतं, कोणी गरम आमटीचं पातेलं आत ठेवत नाही, पोरं दार उघडून काय खायचं म्हणून पाच मिनिटं विचार करत उभी राहत नाहीत. मी तीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेत, माझा स्वतःचा अंदाज असा की लेबलवर पाव भाग वाढवून धरायचा, म्हणजे 236 चे तुझ्या घरी 295 च्या आसपास, महिन्याला पंचवीस. पण दोन्ही फ्रिज तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच हाताखाली राहणार, त्यामुळं वाढ दोघांनाही सारखीच, तुलनेला लेबलचाच आकडा चालतो.

तर तुझ्या जोडीचा हिशोब. फरक 16 युनिट, तेही वर्षाला. अधिभार आणि कर धरून युनिटला सात रुपये धरू, हेस्कॉमच्या बिलावर थोडं कमीच येईल पण गुणाकार सोपा होतो. 112 रुपये वर्षाला, महिन्याला दहा रुपयेही नाही. म्हणजे या दोघांत वीज हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे 10,500 रुपये आणि 86 लिटर, आणि ते तुझ्या घरात लागतात का हे तूच सांगू शकतेस. पाच माणसांना, रोज बाजार जवळ असलेल्या घरात, 236 लिटर बऱ्यापैकी चालतो. सणाला माहेरची माणसं उतरतात, दही-लोणी घरचं असतं, शेतातून एकदम भाजी येते, असं असेल तर मोठा घे, पण मग तो जागेसाठी घे, स्टारसाठी नको. रिकामा मोठा फ्रिज लिटरमागं कितीही हुशार असला तरी रिकामे लिटर गार करायचे पैसे तूच देणार.

पण तुझी खरी तुलना अजून झालीच नाहीय. तू 2 स्टारचा लहान आणि 3 स्टारचा मोठा बघितलास, मधला बघितलाच नाहीस. दुकानात जाऊन विचार की याच 236 लिटरच्या आसपास, फ्रॉस्ट फ्रीच, 3 स्टारमध्ये कुठला आहे. त्याच्या लेबलवर समजा 198 युनिट लिहिलंय, तर आता फरक 38 युनिट, सातने गुणलं तर 266 रुपये वर्षाला. तो जर 1,500 नी महाग असेल तर साडेपाच-सहा वर्षांत पैसे वसूल, आणि चांगला फ्रिज दहा-बारा वर्षं जातो, म्हणजे घेण्यासारखा. 4,000 नी महाग असेल तर पंधरा वर्षं लागतात, तोपर्यंत फ्रिज राहतोय की नाही कोण जाणे, मग 2 स्टारच बरा. सूत्र काही मोठं नाही, जादा किंमत भागिले वर्षाची बचत, एवढंच, पण ते एकाच साइझच्या दोघांत करायचं.

आता तुझ्या मालकांचं, आणि ते अर्धे बरोबर आहेत हे मला कबूल करावं लागतंय. गृहज्योतीत 200 युनिटपर्यंत फुकट असं लोक म्हणतात, पण प्रत्येक घराची आपली हद्द असते, 2022-23 च्या महिन्याच्या सरासरीवर दहा टक्के, तुमची सरासरी 78 असणार म्हणून 86 आली. त्याच्या आत राहिलात तर झिरो, वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 च्या वर गेलात तर सगळंच बिल भरायचं. बिल कानडीत असलं तरी हे आकडे काही कानडी नसतात, शोध, सापडतील. आता बघ, एरवी तुम्ही हद्दीच्या आत आहात, तिथं फ्रिजनं तीन युनिट वाचवले तरी खिशात काही येत नाही, झिरोचं झिरोच. फक्त उन्हाळ्यात जेव्हा शंभराला टेकता तेव्हाच वाचलेल्या युनिटाला भाव आहे. म्हणजे वरच्या 266 रुपयांतले तुमच्या हातात तीन महिन्यांचेच, सत्तरभर रुपये येणार. त्यामुळं तुझ्यासाठी माझं मत असं, 3 स्टारचा तसाच साइझवाला हजार-दीड हजारात मिळत असेल तर घे, कारण फ्रिज दहा-बारा वर्षांचा आणि योजना किती वर्षांची ते कुठल्या लेबलवर लिहिलेलं नसतं. त्याहून जास्त मागत असेल तर सोड.

हाच फ्रिज तुझ्या कोणी पाहुण्यांनी पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला घेतला तर हिशोब बदलतो. लेबल तेच, देशभर सारखंच, कोल्हापुरात घे नाहीतर बेळगावात. पण तिकडं महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं, महिन्याला शंभराच्या वर गेलं की वरचं युनिट सगळं धरून दहाच्याही वर पडतं. मग तेच 38 युनिट पावणेचारशे-चारशे रुपयांचे होतात आणि 4,000 जादा दिलेले दहा वर्षांत निघतात. म्हणून तिकडची बहीण-नणंद सांगते तेच आपल्याला लागू असं धरू नये, तिचंही चूक नसतं आणि तुझंही.

आणि आता सासूबाई. त्यांना दुखवायचं नाही, पण सगळ्या पत्रात खरा पैशाचा प्रश्न हाच आहे, 2 स्टार की 3 स्टार हा नव्हेच. जुना फ्रिज किती खातो हे आधी मोज. त्याचं लेबल गेलं असेल, असलं तरी पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा आता खरा नाही, दाराचं रबर सैल झालेलं असतं, मागची जाळी धुळीनं भरलेली असते. सगळे मिळून दोन दिवस गावाला जाणार असाल तेव्हा फ्रिज सोडून सगळं बंद करा, टीव्हीचा आणि राउटरचा लाल दिवासुद्धा, जाताना मीटरचा फोटो काढ आणि आल्याआल्या दुसरं काही चालू करायच्या आधी परत एक फोटो. मीटरवर पाच-सहा आकडे फिरत असतात, केडब्ल्यूएच लिहिलेला घ्यायचा. वजाबाकी करून तासांनी भाग, मग चोवीसनं गुण, दिवसाचे युनिट निघाले. दार बंद असताना मोजलंय, लेबलवरचाही आकडा दार बंद ठेवूनच काढलेला असतो, त्यामुळं दोन्ही शेजारी ठेवायला बरं पडतं.

असल्या वयाचा, रबर गेलेला सिंगल डोअर दिवसाला एक-सव्वा युनिट खाताना मी बघितलाय. तुझा 1.2 निघाला असं धर, महिन्याला 36 झाले. नवीन 236 युनिटवाला लेबलप्रमाणं दिवसाला पाऊण युनिटही खात नाही, म्हणजे आकारानं मोठा, वर फ्रॉस्ट फ्री, तरी जुन्यापेक्षा कमी. आता घराचं गणित मांडू. एरवीच्या 78 मधून जुन्याचे 36 काढले तर बाकी घर 42 वर चालतं. नव्याचे माझ्या अंदाजानं 25 घाल, 67 झाले, हद्दीच्या चांगलेच आत. उन्हाळ्यातही शंभराचे नव्वदच्या खाली येतात, म्हणजे जो काही थोडा भरायचात तोही जवळजवळ जातो. पण जुना पडवीत चालूच ठेवला तर 42 अधिक 25 अधिक 36, एकशेतीन. हद्दीच्या वर 17 युनिट, महिन्याला 119 रुपये, उन्हाळ्यात अडीचशेच्या वर. ज्या घराचं बिल एरवी झिरो येत होतं तिथं वर्षाला दीड हजाराच्या वर बिल सुरू झालं, ते कशासाठी, तर लिटरभर दूध आणि पूजेच्या फुलांच्या पुडीसाठी. शिवाय दुकानदार एक्स्चेंजमध्ये जे हजार-दोन हजार देतो ते गेले ते वेगळेच. सासूबाईंना सांग की नव्यात खालचा एक कप्पा तुमचा, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. माझ्या आईला असाच कप्पा दिला होता, आणि खरं सांगतो, आमच्या घरात तो एकटाच कप्पा कायम स्वच्छ असायचा.

अजून एक, जे कुठल्या लेबलवर नसतं. दुकानदार फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर गळ्यात मारेल, आपल्याकडं पावसात व्होल्टेज नाचतं म्हणून आपणही घेतो. खानापूरकडं, लांबच्या वाडीवस्तीवर तो लागतोच. पण अनगोळात घ्यायच्या आधी फ्रिजच्या पुस्तकात बघ, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालेल ते लिहिलेलं असतं, आणि तुमचं व्होल्टेज त्यात बसतंय का ते वायरमनकडून संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला मोजून घे, तेव्हाच ते सगळ्यात खाली असतं. कारण स्टॅबिलायझर फ्रिज बंद असताना पण थोडं खातच राहतो. पाच वॅट धर, तर वर्षभर चोवीस तास म्हणजे 44 युनिट झाले. आपण 38 युनिटांसाठी 2 स्टार की 3 स्टार म्हणून एवढं डोकं लावलं, आणि तो डबा भिंतीवर बसून तेवढं आणि वर थोडं खाऊन मोकळा. लागत असेल तर जरूर लाव, कॉम्प्रेसर जळण्यापेक्षा 44 युनिट स्वस्त, पण नुसतं सगळे लावतात म्हणून नको.

ठरलं की बुक करायच्या आधी लेबलचा फोटो काढ आणि मोबाइलवर बीईईचं `BEE Star Label` हे ॲप टाकून तोच मॉडेल नंबर शोध, युनिट आणि स्टार तिथंही दिसतात, लेबलशी जुळले पाहिजेत. मॉडेल नंबरमधलं शेवटचं एखादं अक्षर किंवा आकडा बदलला तरी मॉडेल वेगळं असू शकतं, रंगाचा फरक असतो कधी, कधी वर्षाचा, म्हणून पूर्ण नंबर टाक. दुकानात ठेवलेला पीस वेगळा आणि गोडाऊनमधून घरी येणारा वेगळा असतो, तेव्हा बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घे, आणि टेम्पोतून उतरवताना पोरांना चहा देऊन थांबव, खोक्यावरचा नंबर, दारावरचं लेबल आणि आतल्या पट्टीवरचा नंबर तिन्ही जुळले की मगच सही कर. लेबल पिरियड पण तिथंच परत एकदा वाच, चष्मा लावून.